आठवणीचा कागद लावला, तरी आजी तयार नसतात: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

घरातल्या वयस्कर माणसासाठी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावायचा: वार, वेळ, ठिकाण, सोबत कोण. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक घरांत ते पहिल्याच खेपेला फसतं. फसलं की घरचे म्हणतात, "आजी आता वाचतच नाही." ती वाचते. कागदच तिला गणित घालत असतो. तो लिहिणाऱ्याला समजतो, कारण त्याला सगळं आधीच माहीत असतं.

बिघाड कुठे आहे ते आधी लक्षणांवरून ओळखा.

- सकाळी दहाची वेळ आणि आजी पहाटे पाचला नेसून, पिशवी घेऊन खुर्चीत बसलेल्या.
- वेळ झाली तरी घरच्याच साडीत. विचारलं तर, "ते परवा होतं ना?"
- एकट्याच निघाल्या आणि कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्याशी बोलताना शेजाऱ्यांना सापडल्या.
- सोबत न्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं: "तू नाहीस, तो येणार आहे."
- दिवसातून दहा वेळा तोच प्रश्न: "आज जायचंय का?"
- कागद घडाघडा वाचून दाखवतात, पण मग काय करायचं ते सांगता येत नाही.

पहिल्या पाचांचा दोष बहुधा कागदात किंवा तो लावण्याच्या पद्धतीत असतो आणि घरीच दुरुस्त होतो. सहावं लक्षण वेगळं आहे, त्याचं शेवटी बघू.

१. आधी जुने कागद काढा

यात पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. फ्रिजवर, कपाटाच्या दारावर, कालनिर्णयच्या पानावर, टेलिफोनच्या डायरीत, औषधांच्या डब्याला चिकटवलेल्या चिठोरीवर, जिथे जिथे तारीख-वेळ लिहिली आहे ते सगळं गोळा करा. गेल्या महिन्यातल्या दातांच्या डॉक्टरांचा कागद अजून लटकत असेल तर आजींच्या दृष्टीने तोही आजचाच. दोन कागद दिसले की त्या जो आधी दिसेल तो मानतात, आणि जुना कागद बहुतेक वेळा जास्त ठळक जागी असतो.

नियम एकच: घरात एका वेळी एक कागद, एका ठरलेल्या जागी. जाऊन आल्यावर चपला काढायच्या आधी कागद काढायचा, आणि तो काढायची जबाबदारी सोबत गेलेल्या माणसाची. "नंतर काढू" म्हटलेला कागद दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तिथेच राहतो.

वेळ बदलली तर खाडाखोड करू नका. साडेनऊवर काट मारून वर साडेअकरा लिहिलं की दोन्ही वेळा वाचल्या जातात, आणि धूसर नजरेला काट म्हणजे अक्षराचाच एक भाग वाटतो. नवीन कागद घ्या. जायचंच रद्द झालं, म्हणजे जुलैत पावसाचा लाल इशारा आला आणि मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं, तर नुसता कागद काढून थांबू नका. त्याच जागी "आज कुठेही जायचं नाही" असा कागद लावा. मोकळी भिंत दिसली की "कागद पडला वाटतं" असं म्हणून आजी आठवणीवर तयार होतात.

२. वाचून घ्या, मग एक प्रश्न विचारा

"समजलं ना?" असं विचारू नका. उत्तर नेहमी "हो" येतं, कारण "नाही" म्हणणं म्हणजे पोरांपुढे कमीपणा. त्याऐवजी, आजी रोज जिथे बसते तिथूनच, "आजी, हे वाचून दाखव बरं" म्हणा. वाचून झालं की विचारा, "मग सकाळी तू काय करशील?"

दोन मिनिटांच्या या परीक्षेतून दोष कुठे आहे ते कळतं. वाचताना अडखळल्या, डोळे बारीक केले, उठून जवळ गेल्या, तर अक्षर, उजेड किंवा चष्मा बघायचा. वाचलं बरोबर पण उत्तर चुकलं ("साडेदहाला निघेन") तर शब्द चुकलेत. आणि दोन्ही बरोबर असून ऐन वेळी गोंधळ झाला, तर कागदाची जागा किंवा तो लावायचा दिवस चुकला आहे. ही परीक्षा वगळून थेट मोठा फळा विकत आणणारे बरेच जण त्याच चुका मोठ्या आकारात लिहितात.

३. चार ओळींतले शब्द

सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतात. असा कागद घ्या:

"आजी, परवा 10.30 ला डोळ्यांची अपॉइंटमेंट आहे. नऊपर्यंत तयार राहा. फाईल, चष्मा, जुने रिपोर्ट घ्यायला विसरू नको. मी किंवा प्राची येऊ. टॅक्सीने जाऊ."

प्रेमाने लिहिलंय, आणि यात किमान पाच सापळे आहेत. आजी गिरगावात चाळीत राहतात, डॉक्टर परळला, महिना जुलै, असं धरून एकेक ओळ सोडवू.

*वार.* "परवा" हा शब्द भिंतीवर लिहायचाच नाही. मराठीत परवा पुढेही असतो आणि मागेही. "परवा येऊन गेला" आणि "परवा येणार आहे" दोन्ही आपण रोज म्हणतो. बोलताना क्रियापदावरून कळतं, कागदावर नजर फक्त ठळक शब्दावर पडते. "उद्या"चंही तेच: रविवारी लिहिलेला उद्या सोमवारी सकाळी खोटा ठरतो, कारण कागदाला रात्र उलटल्याचं कळत नाही. म्हणून वाराचं नाव आणि तारीख: मंगळवार १४ जुलै. वार आधी, कारण बहुतेक आजी-आजोबा तारखेपेक्षा वाराने आठवडा मोजतात; सोमवारचा उपास, गुरुवारचा दत्त, असा त्यांचा हिशेब पक्का असतो. साल लिहू नका, जागा अडते.

*वेळ.* इथे एकच वेळ असावी, आणि ती डॉक्टरांची नसावी. वरच्या कागदात साडेदहा आणि नऊ अशा दोन वेळा आहेत. आजी त्यांतली एक धरतात, कुठली ते नशीब. आजींना उपयोगाची वेळ एकच: सोबत येणारं माणूस दाराची बेल वाजवेल ती. ती उलट मोजून काढा. डॉक्टरांची वेळ १०:३०. केस पेपरच्या खिडकीसाठी १५ मिनिटं आधी, म्हणजे १०:१५. गिरगावातून परळला टॅक्सीला पावसाळी सकाळी ३५ मिनिटं धरा, म्हणजे ९:४०. चपला, कुलूप आणि चाळीचा जिना यासाठी १० मिनिटं. कागदावर येतं साडेनऊ. साडेदहा ही वेळ प्राचीच्या फोनमध्ये राहील, भिंतीवर नाही.

वेळ शब्दांत आणि आकड्यांत, दोन्ही लिहा. नुसतं शब्दांत लिहिलं तर सव्वानऊ आणि साडेनऊ दोन्ही स ने सुरू होतात आणि धूसर नजरेला सारखेच दिसतात. नुसते आकडे लिहिले तर लिपीचा घोळ होतो: इंग्रजी नऊ हा मराठी १ सारखा दिसतो आणि इंग्रजी आठ मराठी ४ सारखा. नातवंडांनी इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं नऊ आजींनी एक म्हणून वाचलं, तर त्या दुपारच्या जेवणापर्यंत निवांत असतात. संपूर्ण कागद मराठी आकड्यांत, आणि "सकाळी", "दुपारी", "संध्याकाळी" हे शब्द न चुकता.

*ठिकाण.* आपल्या तोंडात बसलेलं नाव नव्हे, त्यांच्या तोंडातलं. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, व्ही.टी.चं नाव तर दोनदा बदललं, पण पन्नास वर्षं तिथे उतरलेल्या माणसाच्या डोक्यातला नकाशा बदलत नाही. आजी "व्ही.टी." म्हणत असतील तर कागदावरही व्ही.टी. लिहा. दादरच्या मध्य रेल्वेकडच्या प्लॅटफॉर्मना २०२३ च्या डिसेंबरात पुढचे नवे क्रमांक मिळाले, तेव्हा प्लॅटफॉर्मचा आकडा तर अजिबात नको. विभाग, मजला, खोली हे सोबतच्या माणसाने लक्षात ठेवायचं. आजींना हवं ते एवढंच: कशासाठी आणि कुठल्या बाजूला. "डोळ्यांचे डॉक्टर, परळ" पुरे. हॉस्पिटलचं नाव एकटं लिहिलं तर आजींना वाटतं दाखल करणार आहेत, आणि रात्रीची झोप जाते.

*सोबत कोण.* "मी" लिहू नका. भिंतीवरच्या कागदावर मी कोण? वाचणारा माणूस स्वतःच मी होतो, आणि आजी एकट्या निघण्याचं हे एक साधं कारण आहे. "मी किंवा प्राची" तर त्याहून वाईट: दारात प्राची आली तर आजी मुलाची वाट बघत बसतात. एकच नाव, आणि आजी ज्या नावाने हाक मारतात तेच. कागदपत्रावर प्राची असली तरी घरी "छकुली" असेल तर छकुली. घरात दोन राजू असतील तर "डोंबिवलीचा राजू". सोबत आजींची रोजची ओळख नसलेली मावशी किंवा अटेंडंट येणार असेल तर नावाशेजारी तिचा पासपोर्ट आकाराचा फोटो चिकटवा. अनोळखी माणसाला दार न उघडणं ही आजींची चांगली सवय आहे, ती मोडायला लावू नका.

आणि नुसतं "सोबत: प्राची" नको. प्राची घरी येणार की तिथे भेटणार, हे त्या तीन अक्षरांत कळत नाही. "प्राची घरी येईल" लिहिलं की एकटं निघायचं कारणच उरत नाही.

मग कागद असा होतो:

मंगळवार १४ जुलै
सकाळी साडेनऊ ९:३०
डोळ्यांचे डॉक्टर, परळ
प्राची घरी येईल

फाईल, चष्मा, रिपोर्ट? ते कागदावरून गेले. आदल्या रात्री पिशवी भरून दाराशी ठेवा. वस्तूंची यादी आली की चार ओळींच्या आठ होतात आणि वेळ मध्येच हरवते. प्राचीचा फोन नंबर कागदाच्या मागच्या बाजूला, तितक्याच मोठ्या अक्षरांत.

डोळे तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास जवळचं नीट दिसत नाही. परतीच्या प्रवासात आजींना कागद, नोट किंवा पायरी नीट दिसेल हे गृहीत धरू नका. अशा दिवशी सोबतचं माणूस घरापर्यंत हवं, टॅक्सीत बसवून देणारं नव्हे.

उपाशीपोटीच्या तपासणीचा वेगळा कागद

चार ओळींत न बसणारी एकच गोष्ट वारंवार येते: रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. "उपाशी यायचं" असं लिहिलं की बऱ्याच आजी उपास धरतात, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, दुधाचा चहा चालतो. लॅबमध्ये विचारल्यावर त्या खरंच सांगतात, "काही नाही खाल्लं, उपास आहे." साखरेचा आकडा मात्र वर येतो, आणि मग कुणीतरी गोळी वाढवायचा विचार करतं.

म्हणून यासाठी दुसरा छोटा कागद, आणि तो भिंतीवर नाही, चहाच्या डब्यावर: "आज चहा नाही. खाणं नाही. पाणी चालेल." जिथे हात जातो तिथेच अडवायचं. हा कागद आदल्या रात्री जेवण झाल्यावर लावा, रक्त दिल्यावर लगेच काढा. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन त्या दिवशी कधी घ्यायचं, हे डॉक्टरांना आधी विचारून सोबतच्या माणसाने सांभाळायचं. औषध घेऊन उपाशी राहिलं तर साखर खाली जाऊ शकते. हा निर्णय कागदावर सोडू नका.

४. अक्षर, पेन आणि उजेड

ए-४ कागद आडवा धरा. चार ओळी, प्रत्येकीला साडेचार सेंटिमीटर जागा. त्यात अक्षराचा मुख्य भाग, म्हणजे शिरोरेषेपासून खाली, दोन सेंटिमीटर. उरलेली जागा वरच्या मात्रांना आणि खालच्या उकारांना. रोमन अक्षरांपेक्षा आपल्याला ओळींमध्ये जास्त जागा लागते ती याचसाठी. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीची वेलांटी होतो. या मापात एका ओळीत बारा-तेरा अक्षरं बसतात, त्यामुळे कागदच तुम्हाला लांब लिहू देत नाही.

दोन सेंटिमीटर का? ६/१८ नजर म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारं अक्षर सहा मीटरवरूनच ओळखू येणं. अशा माणसाला दोन मीटरवरून जेमतेम ओळखू येणारं अक्षर साधारण नऊ मिलिमीटरचं असतं. जेमतेम ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे. सहज वाचायला त्याच्या दुपटीहून थोडं अधिक लागतं. खाटेपासून भिंत तीन मीटर लांब असेल तर अक्षर तीन सेंटिमीटर करा आणि ए-३ कागद घ्या.

बॉलपेन आणि स्केचपेन बाद. जाड, तिरक्या टोकाचा काळा मार्कर घ्या, रेघ तीन-चार मिलिमीटरची यायला हवी. निळा नको: वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग मळकट, काळपट दिसतो. पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या बिनचमकीच्या कागदावर काळं, याहून चांगलं काही नाही. लॅमिनेशन करू नका, प्लास्टिक पिशवीतही घालू नका. ट्यूबलाइटची पांढरी पट्टी नेमकी वेळेच्या ओळीवर पडते. व्हाइटबोर्ड दिसायला सोयीचा, पण ओल्या हाताचा एक फटका आणि साडेनऊचं नऊ. पावसाळ्यात भिंतीला दमट हवा लागून चिकटपट्टी सुटते, म्हणून कागद जाड पुठ्ठ्यावर क्लिपने लावून पुठ्ठाच खिळ्याला टांगा.

उजेड तपासायचा तो आजी उठतात त्या वेळी, तुम्ही ऑफिसला निघता त्या वेळी नाही. चाळीच्या आतल्या खोलीत सकाळी सहाला झिरोचा दिवा चालू असतो, त्यात कुठलंही अक्षर वाचता येत नाही.

५. कुठे आणि कधी लावायचा

जिथे आजींची नजर रोज आपोआप जाते तिथे. अनेक घरांत ती जागा देवघराशेजारची भिंत किंवा सकाळच्या चहाच्या खुर्चीसमोरची भिंत असते. निरांजनापासून लांब ठेवा. उंची बसलेल्या नजरेची, जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटर. उंच लावला तर दुभागी चष्म्याच्या माणसाला मान मागे टाकून बघावं लागतं, आणि मान दुखते म्हणून बघणं टाळलं जातं. गॅलरीतून दिसेल अशा खिडकीवर किंवा दाराच्या बाहेर नको. "मंगळवारी साडेनऊला घर रिकामं" अशी ती पाटी होते.

कधी लावायचा, हे माणसावर ठरतं. विसरणं नेहमीचं, पण दिवसाचं भान पक्कं असेल तर दोन दिवस आधी चालेल. पहाटे पाचला तयार होणाऱ्या किंवा दहादा विचारणाऱ्या माणसाला कागद आदल्या संध्याकाळच्या आधी दाखवूच नका. त्याआधी तो फक्त चिंता पुरवतो. सकाळी त्याच पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला "आज" असं लिहिलेली एक पट्टी अडकवा. पट्टी नसली तर आज नाही. हे दोन-तीन खेपांत अंगवळणी पडतं आणि "आज जायचंय का?" हा प्रश्न बराच कमी होतो.

६. आज कोणता वार, हे कळतंय का?

कागदावर मंगळवार लिहिला आणि आज मंगळवार आहे हे माहीतच नसेल, तर कागदाचा उपयोग नाही. सकाळी सहज विचारा. वार रोज चुकत असेल तर कागदाशेजारी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर लावा, मोठ्या आकड्यांचं, स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. मग आजींना फक्त दोन शब्द जुळवायचे असतात: कॅलेंडरवर मंगळवार, कागदावर मंगळवार.

पान कोण फाडणार ते मात्र ठरवा. आजी कधी दोन पानं फाडतात, कधी एकही नाही, आणि मागचा वार दाखवणारं कॅलेंडर काहीच नसण्यापेक्षा वाईट. सकाळी दूध घेणाऱ्याने किंवा पूजेच्या आधी घरातल्या एकानेच फाडायचं. वार आणि दिवसाची वेळ दाखवणारी विजेची घड्याळंही मिळतात, पण बहुतेक इंग्रजी अक्षरांची असतात. घ्यायच्या आधी आजींना ते वाचता येतं का बघा.

वाचताच न येणाऱ्या आजींसाठी घड्याळाचं चित्र, त्यात काट्यांची जागा, आणि येणाऱ्या माणसाचा फोटो. बाकीचं सकाळच्या फोनवर.

७. चष्मा आणि डोळे

इथून खर्च सुरू होतो. आधी फुकटची तपासणी: आजी सकाळी कुठला चष्मा लावतात? वाचनाच्या चष्म्यातून दोन मीटरवरचा कागद धूसरच दिसणार. दोन चष्म्यांच्या दांड्यांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधा. काचा रोज पुसा, तेलकट काचेने चांगलं अक्षरही फिकं होतं.

मग एक डोळा हाताने झाकून कागद वाचायला सांगा, नंतर दुसरा. एका डोळ्याने वाचताच येत नसेल, मधला भाग पुसल्यासारखा दिसत असेल, किंवा दाराची चौकट, खिडकीचे गज वाकडे दिसत असतील, तर अक्षर मोठं करत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नजर अचानक गेली, पडदा आल्यासारखं वाटलं किंवा चमकणारे प्रकाश दिसू लागले, तर त्याच दिवशी.

कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

आता ते सहावं लक्षण. आजी वाचतात बरोबर, अक्षर दिसतं, वारही माहीत आहे, पण "मग तू काय करशील?" याला उत्तर येत नाही. किंवा कागद आहे हेच पाच मिनिटांत विसरतात, ओळखीच्या गल्लीत वाट चुकतात, मध्यरात्री तयार होऊन दाराशी उभ्या राहतात. वर सांगितलेली सगळी दुरुस्ती करूनही सलग तीन खेपा चुकल्या, तरी तेच. इथे आणखी मोठा कागद उपयोगाचा नाही. फॅमिली डॉक्टरांना सांगा, ते गरजेप्रमाणे वृद्धांच्या आजारांच्या किंवा मेंदूविकाराच्या तज्ज्ञांकडे पाठवतील. हा डिमेन्शियाच असेल असं आधीच ठरवू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या यांनीही असंच होतं, आणि त्यांवर उपचार आहेत.

कालपर्यंत ठीक होत्या आणि आज एकदम गोंधळल्या, असं असेल तर थांबायचं नाही. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, पडल्यावर डोक्याला लागलेला मार यांनी म्हाताऱ्या माणसाचं भान काही तासांत बदलू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एका हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

एकट्या बाहेर पडून हरवल्या तर नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारत बसू नका, लगेच ११२. त्यासाठी अलीकडचा फोटो फोनमध्ये आणि नाव, दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पदराच्या पिनेला किंवा खिशात कायम असावी. घरात मनुष्यबळच नाही, सोबत न्यायला कुणी नाही, अशी अडचण असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तिथे स्थानिक सोयींची माहिती मिळते.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन-तीन महिन्यांतले भिंतीवरचे कागद सोबत न्या, प्रत्येकाच्या मागे एका ओळीत काय झालं ते लिहून: "वेळेवर तयार", "वार चुकला", "प्राचीला ओळखलं नाही". त्यासोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेजारणीने दिलेल्या झोपेच्या गोळीसकट.